माणसांची बेरीज, पावसाची सरासरी

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेने मोजला ७३ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर सुमारे २४ किलोमीटर. मुंबईकरांना हे आकडे आजही पाठ आहेत. पण त्या दिवशी किती पावसाखाली किती माणसं होती, हा साधा प्रश्न विचारला की काम सुरू होतं, आणि ते वाटतं तितकं सरळ नाही.

उत्तरासाठी दोन नकाशे हवेत, एक पावसाचा आणि एक माणसांचा. भारतीय हवामान विभाग देशभरातल्या पर्जन्यमापकांवरून रोजच्या पावसाची एक जाळी तयार करतो. तिचा प्रत्येक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे मुंबईच्या अक्षांशावर साधारण २६ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच. एका चौकोनाला एका दिवसाचा पावसाचा एकच आकडा. माणसांचा नकाशा मिळतो साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या वर्ल्डपॉप या प्रकल्पाकडून. २००० ते २०२० मधल्या प्रत्येक वर्षासाठी त्यांनी देशोदेशीच्या लोकसंख्येची रास्टर फाइल केली आहे. रास्टर म्हणजे बारीक चौकोनांची जाळी, आणि तिच्या प्रत्येक चौकोनात, म्हणजे पिक्सेलमध्ये, एक आकडा. वर्ल्डपॉपचा पिक्सेल तीन कोनीय सेकंदांचा असतो. एका अंशाची ६० मिनिटं आणि एका मिनिटाचे ६० सेकंद धरले, तर पाव अंशात ९०० सेकंद आणि ९०० सेकंदांत तीन-तीन सेकंदांचे ३०० पिक्सेल बसतात. म्हणजे पावसाच्या एका चौकोनात माणसांचे ३०० गुणिले ३००, असे ९०,००० पिक्सेल.

हे ९०,००० आकडे मिळून एक आकडा करायचा आहे. तो कसा करायचा, एवढाच या लेखाचा विषय.

त्याआधी हे ९०,००० आकडे येतात कुठून, ते पाहिलं पाहिजे. जनगणना पिक्सेल मोजत नाही. ती घरं मोजते आणि गाव, वॉर्ड, तालुका, जिल्हा अशा विभागांचे आकडे देते. वर्ल्डपॉप एखाद्या विभागाचा आकडा घेतं आणि त्याच्या हद्दीतल्या पिक्सेलांत वाटून टाकतं. वाटप सम नसतं. रात्रीचा उजेड कुठे दिसतो, रस्ते कुठून जातात, बांधकाम कुठे आहे, चढ किती आहे, अशा खुणांवरून संगणकाचं एक प्रतिमान प्रत्येक पिक्सेलला वजन देतं. ज्याचं वजन जास्त त्याच्या वाट्याला माणसं जास्त. म्हणूनच एखाद्या पिक्सेलमध्ये १६३.७ माणसं दिसतात आणि जंगलातल्या पिक्सेलमध्ये ०.३. अपूर्णांकातलं माणूस कुणी पाहिलेलं नाही. तो वाटपाचा हिस्सा आहे.

एका पिक्सेलचा आकडा हा अंदाज असतो. त्या विभागातल्या सगळ्या पिक्सेलांची बेरीज मात्र जनगणनेच्या आकड्याला, किंवा त्यावरून त्या वर्षासाठी पुढे मोजलेल्या आकड्याला, बांधलेली असते. वॉल्डो टोबलर या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९७९ मध्ये ही अट गणितात मांडली होती. विभागांच्या आकड्यांतून सलग पृष्ठभाग काढताना प्रत्येक विभागाचं एकूण घनफळ जसंच्या तसं राहिलं पाहिजे, असं तो सांगत होता. लोकसंख्येच्या बारीक नकाशात खरोखर मोजलेली गोष्ट एकच असते, ती म्हणजे ही एकूण बेरीज. बाकी सगळं हुशारीने केलेलं वाटप आहे. जाळी मोठी करताना ही बेरीज बिघडवणारा नकाशातलं मोजलेलं तेवढंच फेकून देतो आणि अंदाज तेवढे हातात ठेवतो. म्हणून मला हा प्रश्न तांत्रिक किरकोळीचा वाटत नाही.

आता बेरीज की सरासरी. शाळेत दहा वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गाचा पट ४० आहे, तर शाळेचा पट ४०० होतो. शाळेचा पट ४० आहे असं कुणी म्हणणार नाही. वर्गातल्या मुलांची सरासरी उंची मात्र दहा वर्गांची मिळून दहापट होत नाही. पिक्सेलमधली माणसं पटासारखी आहेत, जागा मोठी झाली की तीही वाढतात. पाऊस उंचीसारखा आहे. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३ पडला, म्हणून मुंबईत १,०१७ मिलिमीटर पडला असं होत नाही. तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची, लोकसंख्येची घनता ही सगळी पावसाच्या बाजूची मंडळी. त्यांची सरासरी घ्यायची. माणसं, घरं, जनावरं, मतदार यांची बेरीज.

इतकं सोपं असताना चूक होते कशी? कारण बहुतेक नकाशा-साधनांना कुणी काही सांगितलं नाही, तर ती सरासरीच घेतात. आर भाषेतल्या `terra` या लोकप्रिय संचात `aggregate` ही आज्ञा नुसती दिली, तर `mean` घेतली जाते. गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये दूरवरून पाहण्यासाठी आधीच करून ठेवलेले जाड थरही सहसा सरासरीचेच असतात. तिथे शंभर मीटरच्या लोकसंख्येची बेरीज एक किलोमीटरच्या प्रमाणावर मागितली, तर उत्तर साधारण शंभराव्या हिश्शावर येतं. ही साधनं घडली ती उपग्रहाची छायाचित्रं, तापमान, उंची यांसारख्या कामांवर, आणि तिथे सरासरीच बरोबर असते. माणसांच्या फाइलचा पिक्सेलही दिसायला तसाच चौकोन आणि तसाच आकडा. साधनाला फरक कळत नाही, तो आपल्याला कळावा लागतो.

बेरीज हवी असेल तर ती स्पष्ट मागायची. एक किलोमीटरच्या आसपासची जाळी हवी असेल, तर दहा पिक्सेल आडवे आणि दहा उभे मिळून एक चौकोन करायचा, आणि लगेच आधीची आणि नंतरची एकूण बेरीज शेजारी ठेवायची:

```r
library(terra)
x <- rast("ind_ppp_2005.tif")
y <- aggregate(x, fact = 10, fun = "sum", na.rm = TRUE)
global(x, "sum", na.rm = TRUE)
global(y, "sum", na.rm = TRUE)
```

फाइलच्या नावातली `ppp` ही अक्षरं महत्त्वाची आहेत. प्रत्येक पिक्सेलमध्ये किती माणसं, असा त्यांचा अर्थ. वर्ल्डपॉपच्या काही फाइलींच्या नावात `pd` असतं. त्या घनतेच्या, म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती माणसं, हे सांगणाऱ्या. `ppp` ची बेरीज करायची, `pd` ची करायची नाही. फाइल उघडण्याआधी नाव वाचण्याची सवय कितीतरी दुरुस्त्या वाचवते.

आज्ञेच्या शेवटी असलेल्या `na.rm = TRUE` या तुकड्याबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण मुंबईची खरी अडचण तिथे आहे.

पावसाच्या जाळीतला एक चौकोन घेऊ. त्याचा मध्य १९ अंश उत्तर आणि ७२.७५ अंश पूर्व. तो दक्षिणेकडे १८.८७५ पासून उत्तरेकडे १९.१२५ पर्यंत आणि पश्चिमेकडे ७२.६२५ पासून पूर्वेकडे ७२.८७५ पर्यंत पसरलेला. नकाशावर आखून पाहिलं की कुलाबा, दादर, धारावी, वांद्रे, विलेपार्ले सगळं त्यात येतं, आणि कुलाबा व सांताक्रूझ या दोन्ही वेधशाळाही त्याच एका चौकोनात पडतात. घाटकोपर आणि चेंबूर पूर्वेच्या चौकोनात जातात, बोरिवली उत्तरेच्या. चौकोनाचा उरलेला सगळा भाग, आणि तोच मोठा, पाण्याचा आहे.

समुद्रावरच्या पिक्सेलमध्ये वर्ल्डपॉप शून्य लिहीत नाही. तिथे माहितीच नाही अशी खूण असते, आणि फाइलच्या आत ती −९९९९९ या आकड्याने ठेवलेली असते. साधनाने ही खूण ओळखली, तर तो पिक्सेल रिकामा मानला जातो. ओळखली नाही, तर बेरजेत उणे लाखाच्या आसपासचा आकडा हजारो वेळा मिळवला जातो आणि किनाऱ्यावर उणे अब्जावधी माणसं राहायला येतात. ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. बाकीच्या भरत नाहीत.

हिशेब करून पाहू. समजण्यापुरते गोल आकडे घेतो. समजा, या चौकोनातल्या ९०,००० पिक्सेलांपैकी १८,००० जमिनीवर आहेत आणि ७२,००० पाण्यावर. जमिनीवरच्या पिक्सेलमध्ये सरासरी १६० माणसं आहेत. बेरीज झाली २८,८०,०००. हेच उत्तर.

आता कुणी सरासरी घेतली. रिकामे पिक्सेल सोडून दिले, तर सरासरी येते १६०. कोऱ्या करकरीत नकाशावर मुंबईच्या या चौकोनात १६० माणसं. हेही पाहणाऱ्याला खटकेल. मग एखादा हुशार माणूस म्हणतो, सरासरी आहे ना, ९०,००० ने गुणू या, बेरीज परत मिळेल. १६० गुणिले ९०,००० म्हणजे १ कोटी ४४ लाख. २००१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १,१९,७८,४५० होती आणि २०११ मध्ये १,२४,४२,३७३. अख्ख्या बृहन्मुंबईत कधी मोजली गेली नाहीत इतकी माणसं शहराच्या एका तुकड्यात आली, कारण पाण्यावरच्या ७२,००० पिक्सेलांतही प्रत्येकी १६० माणसं बसवली गेली. सरासरीला पिक्सेलांच्या संख्येने गुणून बेरीज मिळते हे खरं, पण भागताना जी संख्या वापरली तिनेच गुणायला हवं. इथे भागलं १८,००० ने आणि गुणलं ९०,००० ने.

या चुकीचं वाईट असं की देशाच्या आतल्या भागात ती दिसतच नाही. सगळे पिक्सेल जमिनीवर असतील तिथे भागाकार आणि गुणाकार एकाच संख्येचे होतात आणि उत्तर बरोबर येतं. नागपूर किंवा सोलापूर तपासून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. चूक किनाऱ्यावर जमा होत जाते, आणि आपल्याकडे मुंबई, चेन्नई, कोची किनाऱ्यावरच आहेत.

उलट टोकाची चूकही इथेच होते. रिकामे पिक्सेल सोडून द्या, असं सांगायचं राहिलं, तर काही साधनं एकही रिकामा पिक्सेल असलेला अख्खा चौकोन रिकामा ठरवतात. मग कुलाब्यापासून विलेपार्ल्यापर्यंतची सगळी माणसं नकाशावरून निघून जातात. किनाऱ्याची रेषा छान कापल्यासारखी दिसते, म्हणून कुणी शंकाही घेत नाही. `na.rm = TRUE` हा तुकडा यासाठी असतो.

किनारा नसला म्हणजे सुटलो, असंही नाही. वर्ल्डपॉपच्या काही फाइलींच्या नावात `constrained` हा शब्द असतो. त्यांत उपग्रहाच्या चित्रात इमारती दिसल्या तिथल्याच पिक्सेलांना माणसं दिलेली असतात. शेत, जंगल, माळ सगळं रिकामं. गडचिरोलीसारख्या, २०११ मध्ये दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं असलेल्या आणि बराचसा जंगलाने व्यापलेल्या जिल्ह्यात शंभर पिक्सेलांच्या चौकोनात वस्तीचे ३० च असतील. प्रत्येकात २० माणसं धरली तर गाव ६०० चं. रिकामे सोडून सरासरी घेतली आणि शंभराने गुणलं, तर तेच गाव २,००० चं होतं. समुद्र नसतानाही किनाऱ्यावरचीच चूक. आणि इथे ती गावागणिक वेगळ्या पटीने होते, त्यामुळे शेवटी एखाद्या गुणकाने सारवासारव करायचीही सोय राहत नाही.

घनतेकडे वळतो, कारण सरासरी आवडणारे लोक शेवटी तिचा आधार घेतात. घनतेची सरासरी घेणं योग्यच आहे, पण त्यातून माणसं परत काढायची तर क्षेत्रफळ अचूक हवं. वर्ल्डपॉपच्या फाइलीला बोलताना शंभर मीटरची म्हणतात, पण पिक्सेल तीन कोनीय सेकंदांचा आहे, शंभर मीटरचा नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून मुंबईच्या अक्षांशावर हा पिक्सेल सुमारे ८८ मीटर रुंद आणि ९२ मीटर उंच भरतो. क्षेत्रफळ ०.०१ चौरस किलोमीटर नव्हे, सुमारे ०.००८१. आपल्या चौकोनात पिक्सेलमागे १६० माणसं होती, म्हणजे खरी घनता दर चौरस किलोमीटरला २०,००० ला टेकलेली. शंभर मीटर गृहीत धरून मोजलं तर ती १६,००० भरते. एकही माणूस न हलता मुंबईची दाटी पाचव्या हिश्शाने कमी झाली. हाच पिक्सेल कन्याकुमारीजवळ मोठा असतो आणि काश्मीरमध्ये आणखी लहान, त्यामुळे देशभर एकच क्षेत्रफळ वापरणाऱ्याचा नकाशा उत्तर-दक्षिण तिरका होतो.

घनता आणि समुद्र एकत्र आले की आधीची चूक दुसऱ्या दाराने आत येते. जमिनीवरची सरासरी घनता साधारण १९,७५०. तिला जमिनीच्या क्षेत्रफळाने, म्हणजे १८,००० पिक्सेलांच्या सुमारे १४६ चौरस किलोमीटरने गुणलं की २८ लाख ८० हजारांच्या आसपास उत्तर येतं. पूर्ण चौकोनाच्या सुमारे ७२८ चौरस किलोमीटरने गुणलं की पुन्हा १ कोटी ४४ लाख. म्हणून माझा आग्रह असा की माणसं हवी असतील तर माणसांचीच फाइल घ्यावी आणि बेरीज करावी. घनता हवी असेल तर शेवटी, एकदाच, बेरजेला जमिनीच्या क्षेत्रफळाने भागून काढावी.

आतापर्यंत आपण धरून चाललो की बारीक पिक्सेल मोठ्या चौकोनात नेमके बसतात. तीन सेकंदांचे तीनशे पिक्सेल पाव अंशात बसतात हे खरं, पण दोन्ही जाळ्यांचे कोपरे एकमेकांवर पडतील याची हमी नसते. एखादा पिक्सेल रेषेवर बसला तर त्याची माणसं दोन्हीकडे वाटावी लागतात. गडाल या साधनसंचाच्या ३.१ आवृत्तीपासून `gdalwarp` मध्ये `sum` ही पद्धत आहे. पिक्सेलचा जेवढा हिस्सा ज्या चौकोनात, तेवढी माणसं ती तिकडे देते:

```
gdalwarp -r sum -tr 0.25 0.25 -te 72.625 18.875 73.125 19.125 -ot Float64 ind_ppp_2005.tif mumbai.tif
```

यातून दोन चौकोन मिळतात, आपला पश्चिमेचा आणि शेजारचा, घाटकोपर, चेंबूर, वाशी, पनवेल सामावणारा पूर्वेचा. याच आज्ञेत `sum` ऐवजी `near` घातलं, तर ९०,००० पिक्सेलांपैकी मध्याजवळचा एकच पिक्सेल उचलला जातो. आपल्या पश्चिमेच्या चौकोनाचा मध्य भर समुद्रात आहे.

कोपऱ्यांचीच एक चूक आणखी आहे, आणि मला ती सगळ्यांत घातक वाटते. हवामान विभागाच्या जाळीत १९ आणि ७२.७५ हे आकडे चौकोनाच्या मध्याचे म्हणून धरायचे असतात. कुणी ते नैर्ऋत्येच्या कोपऱ्याचे धरले, तर चौकोन १९ ते १९.२५ आणि ७२.७५ ते ७३ असा सरकतो. उत्तरेला सुमारे १४ किलोमीटर आणि पूर्वेला सुमारे १३. आता त्यात दादरपासून बोरिवलीपर्यंतचा पट्टा येतो, घाटकोपर, चेंबूर आणि मुलुंडही येतात, आणि कुलाबा बाहेर पडतो. देशाची एकूण बेरीज मात्र तीच राहते. प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या चौकोनात मोजला गेलेला असतो, फक्त त्याच्यावर पाऊस दुसऱ्याच चौकोनाचा पडलेला असतो. एकूण बेरीज जुळणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. किनारपट्टीची रेषा अंगावर टाकून, दोन-चार ओळखीची शहरं आपापल्या चौकोनात पडतात का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ही चूक सापडत नाही.

कोपऱ्यांच्या चुका सोडल्या तर बाकीच्या बऱ्याच चुका त्या एकूण बेरजेतूनच पकडता येतात, आणि बेरीज कशी चुकली यावरून चुकीची जातही कळते. दहा गुणिले दहाच्या जाळीत नंतरची बेरीज आधीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास आली, तर सरासरी घेतली गेली आहे. बेरीज फुगली असेल आणि फुगवटा सगळा किनाऱ्यावरच्या चौकोनांत असेल, तर सरासरीला गुणून माणसं काढली गेली आहेत. बेरीज घटली असेल आणि किनारा कापल्यासारखा असेल, तर रिकाम्या पिक्सेलांनी अख्खे चौकोन गिळले आहेत. थोडीशीच घटली आणि घट एका कडेला असेल, तर दहाने भाग न जाणाऱ्या शेवटच्या ओळी साधनाने कापून टाकल्या आहेत. पायथनच्या `xarray` मध्ये `boundary="trim"` दिलं की नेमकं हेच होतं.

घट सगळीकडे पसरलेली आणि ग्रामीण भागात जास्त असेल, तर कुणीतरी जाळी मोठी करण्याआधीच आकडे पूर्णांकात आणले आहेत. जंगलातल्या पिक्सेलमधलं ०.३ शून्य होतं. अशा शंभर पिक्सेलांच्या चौकोनातली ३० माणसं वाटपाचा हिस्सा म्हणून खरी होती, ती नाहीशी होतात. पूर्णांक करायचेच असतील तर बेरीज झाल्यावर करावेत.

संगणकाची स्वतःचीही एक मर्यादा आहे. या फाइली ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत असतात. असा आकडा १,६७,७७,२१६ च्या पुढे गेला की त्यात एकेक एककही नीट धरता येत नाही. त्याच प्रकारच्या आकड्यात पिक्सेलमागून पिक्सेल मिळवत गेलं, तर पावणेदोन कोटींच्या आसपास पोचल्यावर पुढचं ०.३ मिळवलं तरी बेरीज हलत नाही. २०११ मध्ये ११ कोटी २३ लाखांवर असलेल्या महाराष्ट्राची बेरीज अशा पद्धतीने पूर्ण होऊच शकत नाही. चांगली साधनं आतून ६४ बिटांत बेरीज करतात. स्वतः लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीत मात्र हे आपल्याला सांगावं लागतं.

हे सगळं नीट पार पडलं, तर २६ जुलैच्या प्रश्नाचं काय होतं? आधी तारीख. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर पडतो. म्हणजे २६ जुलैचा तो पाऊस जाळीत २७ जुलैखाली शोधायचा. मग १९ आणि ७२.७५ च्या चौकोनात माणसांची बेरीज आणि पावसाचा एक आकडा शेजारी येतात. अशा सगळ्या चौकोनांत माणसं गुणिले पाऊस करून, त्यांची बेरीज एकूण माणसांनी भागली, की माणसांच्या वजनाने काढलेला सरासरी पाऊस मिळतो. पावसाची सरासरी माणसांच्या हिशेबाने घ्यायची ती अशी. नुसती चौकोनांची सरासरी घेतली, तर समुद्राकाठच्या ओसाड चौकोनाला आणि धारावीच्या चौकोनाला सारखंच महत्त्व मिळतं.

पण त्या चौकोनात कुलाब्याचे ७३ आणि सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर एकाच आकड्यात मिसळलेले आहेत. बेरजेने माणसं राखली, ती चौकोनात नेमकी कुठे होती हे राखलं नाही. पावसाचा आकडा बारीक पिक्सेलांवर पसरवला तरी तो प्रत्येक पिक्सेलवर तोच राहतो, त्यातून नवं काही कळत नाही. ९४४ मिलिमीटरखाली किती माणसं होती, हे सांगायचं तर पावसाचाच बारीक नकाशा हवा. २००५ मध्ये त्या चौकोनातल्या आणखी पर्जन्यमापकांच्या नोंदी गोळा करून तो काढावा लागेल, आणि मग माणसांची बेरीज पाव अंशावर न करता त्या बारीक जाळीवर करावी लागेल.